पहिलं पुस्तक येतंय: घोषणेआधी परीक्षणासाठी प्रती कशा आणि कुणाला द्यायच्या

नव्या लेखकाच्या पुस्तकाची पहिली प्रत छापखान्यातून हातात आली की त्याच संध्याकाळी मुखपृष्ठ फेसबुकवर चढतं. दोन दिवसांत तीनशे 'अभिनंदन' जमतात, चाळीसेक जण 'नक्की वाचणार' म्हणतात, आणि मग सामसूम. दीड महिन्यानं लेखक विचारतो, "पुस्तकावर कुणी काही लिहिलं का हो?" कुणी लिहिलेलं नसतं. घोषणा झाली त्या दिवशी घरच्यांखेरीज एकाही माणसानं ते पुस्तक वाचलेलं नव्हतं, मग लिहिणार कोण?

दादरच्या एका लहान प्रकाशन संस्थेत मी पुस्तकांच्या प्रसिद्धीचं काम बघते. हीच चूक दर वर्षी होताना दिसते आणि ती क्रमाची चूक आहे. आधी घोषणा आणि मग वाचकांचा शोध, असा उलटा प्रवास होतो. आधी पंचवीस-तीस वाचकांच्या हातात प्रत पडायला हवी, त्यांना वाचायला पुरेसा अवधी मिळायला हवा आणि त्यानंतरच घोषणा व्हायला हवी. खाली हा क्रम एका पुस्तकाच्या आधारानं मांडते आहे. अकरा कथांचा संग्रह, १६८ पानं, किंमत २५० रुपये, पहिली आवृत्ती ५०० प्रतींची. लेखिका बँकेत नोकरीला, राहायला डोंबिवलीला, हे तिचं पहिलं पुस्तक. कथा मुंबईतल्या लेडीज हॉस्टेलांत राहणाऱ्या मुलींच्या.

## १. प्रकाशनाच्या तारखेपासून मागे मोजा

प्रकाशनाचा दिवस आधी पक्का करा आणि तिथून उलटे आठवडे मोजा. या संग्रहासाठी फेब्रुवारीचा दुसरा रविवार ठरला होता. त्यावरून वेळापत्रक असं झालं:

- दहा आठवडे आधी: दुसरं प्रूफ वाचून पूर्ण, आयएसबीएन हातात, तीस कच्च्या प्रती तयार
- नऊ आठवडे आधी: वाचकांना विचारणा
- आठ आठवडे आधी: प्रती रवाना
- पाच आठवडे आधी: एकच आठवण
- चार आठवडे आधी: दुरुस्त्या बंद, पुस्तक छपाईला
- तीन आठवडे आधी: घोषणा
- दोन आठवडे आधी: छापील प्रती हातात, वृत्तपत्रांना रवाना

यात सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते आठ ते चार या मधल्या आठवड्यांकडे. लेखकाला वाटतं, १६८ पानं तर आहेत, दोन दिवसांत वाचून होतील. पण वाचणारा माणूस नोकरी करतो, लोकलनं येतो-जातो, त्याच्या उशाशी आधीच चार पुस्तकं पडलेली असतात. त्याला चार आठवडे द्या. तीनशे पानांची कादंबरी असेल तर सहा.

तारीख निवडताना दोन काळ मी टाळते. एक दिवाळीच्या आसपासचा. तेव्हा परीक्षण लिहिणाऱ्यांच्या टेबलावर दिवाळी अंकांचा ढीग असतो आणि पुरवण्यांची जागाही तिकडेच जाते. दुसरा २७ फेब्रुवारीच्या आगेमागचा आठवडा. मराठी भाषा गौरव दिनाला आपलंही पुस्तक यावं असं प्रत्येकाला वाटतं, आणि त्या गर्दीत नवं नाव दिसत नाही.

तपासणी: छापखान्याकडून तारीख लेखी घ्या, निदान व्हॉट्सॲपवर. बाइंडिंग आणि मुखपृष्ठाचं लॅमिनेशन यांचे दिवस त्यात धरले आहेत का, ते विचारा. 'छापून होईल' आणि 'प्रती मिळतील' या दोन तारखांत बरेचदा आठवड्याचं अंतर निघतं.

## २. कच्ची प्रत तयार करा

पहिल्या वाचकांना द्यायची प्रत अंतिम आवृत्तीतली नसावी. दुसरं प्रूफ तपासून झालं की त्याच मांडणीच्या तीसेक प्रती डिजिटल छपाईवर काढून घ्या. अशी प्रत ऑफसेटच्या प्रतीपेक्षा महाग पडते, म्हणून तीसवर थांबायचं. तरीही हा खर्च करावा असं मी आग्रहानं सांगते, कारण वाचकाला सापडलेली चूक पाचशे प्रती छापायच्या आधी दुरुस्त करता येते.

मुखपृष्ठावर ठळक छापा: 'परीक्षणासाठी कच्ची प्रत. विक्रीसाठी नाही.' आतल्या पहिल्या पानावर प्रकाशनाची तारीख, पानं, किंमत आणि आयएसबीएन द्या. 'उद्धृत करण्याआधी अंतिम प्रतीशी ताडून पाहावं' अशी एक ओळही हवी. वाक्य बदललं गेलं आणि परीक्षणात जुनं वाक्य छापून आलं, तर दोघांचीही पंचाईत होते.

आयएसबीएन शेवटच्या आठवड्यासाठी ठेवू नका. भारतात तो राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सी देते, अर्ज isbn.gov.in वर करायचा असतो आणि त्याला शुल्क नाही. स्वतःच पुस्तक काढणाऱ्या लेखकालाही तो मिळतो. पण अर्जात त्रुटी निघाली की दिवस वाढतात. आणि आयएसबीएन नसेल तर वाचकाला गुडरीड्सवर किंवा दुकानाच्या यादीत आपलं पुस्तक नेमकं शोधता येत नाही.

पीडीएफबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण मराठीत इथे एक खास अडचण आहे. आपल्याकडे अजून बरीच मांडणी युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये होते. अशी पीडीएफ पडद्यावर सुरेख दिसते, पण परीक्षण लिहिणाऱ्यानं त्यातला परिच्छेद कॉपी करून आपल्या लेखात टाकला की रोमन अक्षरं आणि चिन्हांचा काला उतरतो. मग तो उतारा द्यायचंच सोडून देतो. म्हणून पुस्तकातले दोन-तीन चांगले उतारे वेगळ्या फाइलमध्ये युनिकोडमध्ये तयार ठेवा. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणलेला मजकूर डोळ्यांनी वाचून काढा. 'दुसऱ्या', 'येणाऱ्या' यांसारख्या शब्दांतला अर्धा र आणि 'ॲ' हे दोन हमखास बिघडतात.

दुसरी गोष्ट पानाच्या आकाराची. छपाईच्या आकाराची पीडीएफ फोनवर वाचायला घेतली की प्रत्येक ओळ बोटांनी मोठी करावी लागते. वाचक तिसऱ्या पानावर सोडून देतो आणि आपल्याला वाटतं कथा आवडली नाही. पीडीएफ द्यायचीच असेल तर लहान पान, मोठा टाइप, अशी वेगळी मांडणी करून घ्या.

सावधान: पीडीएफ कधीही व्हॉट्सॲपच्या गटात टाकू नका. ज्याला हवी त्याला स्वतंत्र पाठवा, आणि प्रत्येक पानाच्या तळाला त्या वाचकाचं नाव फिक्या अक्षरात घाला. त्यानं फाइल पसरायची पूर्ण थांबत नाही, पण पुढे ढकलताना माणूस थबकतो.

## ३. तीस नावं निवडा

सगळ्यात जास्त वेळ या टप्प्याला द्या. नवा लेखक यादी करायला बसला की पहिल्या वीस नावांत भाऊ, वहिनी, ऑफिसमधले सहकारी आणि शाळेचा गट असतो. ही माणसं पुस्तक विकत घेतील, घेऊ द्या. परीक्षणासाठी ती चालत नाहीत. ॲमेझॉन लेखकाच्या नातेवाइकांची आणि जवळच्या मित्रांची परीक्षणं मान्य करत नाही, हा झाला नियम. पण नियम नसता तरी 'आमच्या ताईंनी अप्रतिम लिहिलंय' हे वाचून तिऱ्हाईत माणूस अडीचशे रुपये काढत नाही.

आमच्या संग्रहाची वाटणी अशी होती. दहा प्रती ग्रंथालयांतल्या नेमानं वाचणाऱ्यांसाठी. सहा प्रती हॉस्टेलमध्ये प्रत्यक्ष राहिलेल्या बायकांसाठी. सहा फेसबुक, इन्स्टाग्राम किंवा गुडरीड्सवर पुस्तकांबद्दल सातत्यानं लिहिणाऱ्यांसाठी. तीन कथालेखकांसाठी, तीन महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्यांसाठी. दोन राखीव, कारण एखादी प्रत वाटेत गहाळ होतेच.

ग्रंथालयातले वाचक मिळवायचा रस्ता म्हणजे तिथे देवघेवीच्या खिडकीवर बसणारी माणसं. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय असो, दादर सार्वजनिक वाचनालय असो की उपनगरातलं एखादं लहान वाचनालय, कुठला सभासद कथासंग्रह मागून नेतो आणि परत करताना त्यावर दोन शब्द बोलतो, हे त्यांना तोंडपाठ असतं. त्यांच्याकडून नंबर मागू नका, तो त्यांनी द्यायचाही नसतो. आपलं पत्र त्यांच्याकडे ठेवा आणि योग्य वाटेल त्या सभासदाला द्यायची विनंती करा. ज्याला रस असेल तो आपण होऊन फोन करतो. या वाटेनं आलेले वाचक सगळ्यात भरवशाचे निघतात असा माझा अनुभव आहे.

समाजमाध्यमावर लिहिणाऱ्याची निवड करताना त्याचे फॉलोअर मोजू नका, त्याच्या आधीच्या दहा नोंदी वाचा. तीन गोष्टी बघा. तो कथासंग्रहांवर लिहितो का? कुठल्याही पुस्तकाबद्दल 'हे जमलेलं नाही' असं कधी लिहिलंय का? आणि पुस्तकातला एखादा प्रसंग स्वतःच्या शब्दांत सांगतो का, की मलपृष्ठावरचा मजकूरच फिरवून लिहितो? दहाच्या दहा पुस्तकं ज्याला 'अवश्य वाचावी' वाटतात, त्याच्या अकराव्या शिफारशीला वजन उरत नाही.

परीक्षणासाठी पैसे मागणारेही भेटतील. त्यांना नम्रपणे नाही म्हणा. पैसे देऊन लिहून घेतलेला मजकूर ही जाहिरात असते आणि ती जाहिरात म्हणूनच दाखवावी लागते.

तपासणी: प्रत्येक नावापुढे एका ओळीत लिहा की हे पुस्तक याच माणसाला का. ओळ सुचली नाही तर ते नाव खोडा.

## ४. आधी विचारा, मग पाठवा

न विचारता पाठवलेली प्रत टेबलावर पडून राहते. आधी लहानसं पत्र किंवा मेसेज पाठवा, होकार आला तरच पत्ता मागा. पत्रात चार गोष्टी हव्यात: पुस्तक काय आहे, तुम्हालाच का विचारतोय, किती दिवस आहेत आणि लिहायचं बंधन नाही. आमचं पत्र असं होतं:

> स.न.वि.वि.
>
> आमच्याकडून फेब्रुवारीत एका नव्या लेखिकेचा पहिला कथासंग्रह येतो आहे. मुंबईतल्या लेडीज हॉस्टेलांत राहणाऱ्या मुलींच्या अकरा कथा, १६८ पानं. तुम्ही गेल्या वर्षी दोन कथासंग्रहांवर लिहिलेलं वाचलं, विशेषतः कथांच्या शेवटांबद्दल तुम्ही जे नोंदवलं होतं ते. म्हणून प्रकाशनाआधी हा संग्रह तुम्ही वाचावा असं वाटतं.
>
> होकार असेल तर छापील कच्ची प्रत पाठवते. साधारण चार आठवड्यांत वाचून झाली तर बरं. वाचल्यावर लिहावंसं वाटलं तर जे वाटेल ते, जिथे लिहिता तिथे लिहा. नाही लिहिलंत तरी हरकत नाही. मजकुरात काही चूक दिसली तर मात्र जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्याआधी कळवावं, म्हणजे छपाईपूर्वी दुरुस्त करता येईल.

'बंधन नाही' ही ओळ सौजन्य म्हणून घातलेली नाही. ॲमेझॉनच्या नियमांनुसार लेखक-प्रकाशकानं वाचकाला आगाऊ प्रत फुकट देणं चालतं, पण त्या बदल्यात परीक्षणाची अट घालता येत नाही आणि ते कसं असावं यावर प्रभावही टाकता येत नाही. म्हणून 'पाच तारे द्या', 'चांगलं लिहा, आवडलं नाही तर मला खासगीत सांगा' अशा ओळी पत्रात येता कामा नयेत. यातली दुसरी अगदी निरागसपणे लिहिली जाते, पण नावडलेलं मत लपवायला सांगणं हाही प्रभावच झाला.

आम्ही छत्तीस जणांना विचारलं. अठ्ठावीस होकार आले, म्हणजे राखीव दोन सोडून सगळ्या प्रतींना घर मिळालं. आठ जणांनी वेळ नसल्याचं कळवलं किंवा उत्तर दिलं नाही. त्यांना पुन्हा विचारलं नाही.

सावधान: पत्र लेखकाच्या नावानं जावं की प्रकाशकाच्या? प्रकाशक असेल तर प्रकाशकाच्याच. लेखकाला 'पुस्तक आवडलं नाही' असं तोंडावर सांगणं मराठी माणसाला जड जातं, आणि मग तो काहीच सांगत नाही.

## ५. प्रती पोचवा आणि वहीत नोंदवा

एक साधी वही किंवा एक्सेलची फाइल करा. रकाने एवढेच: नाव, हे नाव का, होकाराची तारीख, प्रत कशी गेली, पोचल्याची तारीख, आठवण दिल्याची तारीख, काय कळवलं, कुठे लिहिलं, उद्धृत करायला परवानगी आहे का. शेवटचा रकाना घोषणेच्या वेळी उपयोगी पडतो आणि नेमका तोच रिकामा राहतो.

मुंबईत शक्य तिथे प्रत हातानं द्या. अठ्ठावीसपैकी अकरा प्रती आम्ही दादर स्टेशनच्या पुलावर दिल्या, संध्याकाळी साडेसहा ते साडेसातच्या दरम्यान. मध्य आणि पश्चिम दोन्ही मार्गांवरची माणसं तिथे येतात, कुणालाही वाकडी वाट करावी लागत नाही. देण्यात मिनिटभर जातं, पण ज्याच्याकडून प्रत हातात घेतली त्याचा चेहरा वाचकाच्या लक्षात राहतो आणि तो वाचायला लवकर बसतो. बाकीच्या टपालानं पाठवा. कोपऱ्यांना पुठ्ठा लावा आणि पावसाळा नसला तरी आत प्लॅस्टिकची पिशवी घाला.

वृत्तपत्रांचं खातं निराळं. त्यांना कच्ची प्रत देऊ नका. छापील पुस्तक आल्यावर दोन प्रती 'परीक्षणार्थ' असं लिहून, एका पानाच्या माहितीपत्रकासह पाठवा. 'लोकसत्ता'ची 'लोकरंग' किंवा 'महाराष्ट्र टाइम्स'ची 'संवाद' या रविवारच्या पुरवण्यांत जागा थोडी आणि येणारी पुस्तकं फार, त्यामुळे परीक्षण येईलच असं धरून चालू नका. पण 'साभार पोच'सारख्या सदरांत नाव, किंमत, प्रकाशक एवढी नोंद जरी आली तरी ग्रंथपाल ती वाचतात आणि त्यावरून मागणी नोंदवतात. त्या नोंदीत चूक होऊ नये म्हणून माहितीपत्रक नीट करा: पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, वाङ्मयप्रकार, पानं, किंमत, आयएसबीएन, शंभर शब्दांत आशय आणि संपर्काचा एक नंबर. लेखकाच्या पुरस्कारांची आणि शिक्षणाची यादी तिथे नको.

## ६. आठवण एकदाच, दुरुस्त्या वेळेत

प्रत पोचून तीन आठवडे झाले की एक मेसेज करा. "प्रत नीट मिळाली ना? मजकुरात काही खटकलं असेल तर पुढच्या आठवड्यापर्यंत कळवा, त्यानंतर पुस्तक छपाईला जातंय." एवढंच. 'वाचलंत का?' असं विचारू नका. त्या प्रश्नानं वाचक ओशाळतो आणि फोन उचलायचा बंद होतो. चुकांबद्दल विचारलं की तो मोकळेपणानं बोलतो, आणि बोलता बोलता पुस्तकाबद्दलचं मतही सांगून जातो.

या टप्प्यानं आमच्या संग्रहाचं काय राखलं ते सांगते. पान ७३ वरच्या कथेत नायिका चर्चगेटहून बोरिवली फास्ट पकडते आणि विलेपार्ल्याला उतरते. लेखिका मध्य रेल्वेची प्रवासी, प्रूफ वाचणारे ठाण्याचे, आणि मीही रोज कल्याण गाडीनं येणारी. कुणाच्याच लक्षात आलं नाही. हॉस्टेलमध्ये सहा वर्षं राहिलेल्या एका वाचक बाईंनी फोन केला, "अहो, वांद्रे सोडलं की फास्ट थेट अंधेरीला थांबते. ही मुलगी पार्ल्याला उतरली कशी?" कथेचा शेवट तिच्या पार्ल्याच्या फलाटावर एकटं उभं राहण्यावर होता, म्हणजे स्टेशन बदलता येत नव्हतं. लेखिकेनं गाडी बदलली. फास्ट सुटते, मागची स्लो घ्यावी लागते आणि त्या जास्तीच्या वीस मिनिटांत नायिकेला फोन येतो. कथा सुधारली. हीच चूक पाचशे प्रतींत छापून गेली असती तर पश्चिम उपनगरातल्या प्रत्येक वाचकाचं लक्ष कथेवरून उडालं असतं.

दुरुस्त्या मात्र सरसकट घेऊ नका. माहितीची चूक, नावाचा घोळ, शुद्धलेखन, एका कथेत थोरली असलेली बहीण पुढे धाकटी होणं, हे सगळं दुरुस्त करा. 'शेवट सुखाचा करा', 'ही कथा लांबवा' ही मतं आहेत. ती लेखकापर्यंत पोचवा, निर्णय त्याचा. छपाईला चार दिवस उरले असताना कथा पुन्हा लिहायला घेतलेले लेखक मी पाहिले आहेत. नव्या मजकुरात नव्या चुका शिरतात आणि त्या तपासायला कुणी उरलेलं नसतं.

तपासणी: दुरुस्ती केल्यावर पानं सरकली का ते बघा. दोन ओळी वाढल्या की पुढची कथा पुढच्या पानावर जाते आणि अनुक्रमणिका चुकते.

## ७. आता घोषणा

घोषणेच्या दिवशी तीन गोष्टी तयार हव्यात: पुस्तक मागवायचा चालू मार्ग, स्वच्छ मुखपृष्ठ आणि निदान दोन वाचकांची परवानगी घेतलेली मतं. मागवायचा मार्ग म्हणजे 'लवकरच उपलब्ध' नव्हे. नंबर, रक्कम, टपालखर्च धरला आहे की नाही आणि पुस्तक कधी हातात पडेल, हे सगळं. प्रकाशनपूर्व सवलत देणार असाल तर तिची शेवटची तारीखही. आमचं पुस्तक प्रकाशनापर्यंत २०० रुपयांना घरपोच होतं.

घोषणेत सर्रास होणारी चूक म्हणजे सुरुवात आनंदानं करणं. 'मित्रहो, आज सांगताना अतिशय आनंद होत आहे की माझं पहिलंवहिलं पुस्तक...' फोनवर पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात आणि त्या ओळींत पुस्तकाचं काहीच नसतं. त्यामुळे प्रतिक्रियाही आनंदालाच मिळते, म्हणजे अभिनंदन. आम्ही असं लिहिलं:

> रात्री दहाला हॉस्टेलचं फाटक बंद होतं. दहा वाजून पाच मिनिटांनी पोचलेल्या मुलीचं काय होतं?
>
> अशा अकरा मुलींच्या अकरा कथा. १६८ पानं, किंमत २५० रुपये. प्रकाशनाच्या दिवसापर्यंत २०० रुपयांत घरपोच.
>
> प्रकाशनाआधी हा संग्रह वाचलेल्या एका वाचक म्हणतात: "माझ्या खोलीतली तिसरी कॉट कुणाची होती ते मला या पुस्तकात पुन्हा आठवलं. दोन कथा मात्र शेवटी घाईत आटोपल्यासारख्या वाटल्या."

त्या मतातलं दुसरं वाक्य काढून टाकावं असं लेखिकेला वाटत होतं. मी ते ठेवायचा आग्रह धरला, कारण त्या वाक्यामुळे पहिल्यावर विश्वास बसतो. शिवाय वाचकाचं मत अर्धं छापलं आणि त्याच्या ध्यानात आलं, तर तो पुन्हा आपल्यासाठी वाचत नाही. जागा कमी असेल तर मत छोटं करा, पण अर्थ फिरू देऊ नका आणि छापण्याआधी त्याला दाखवा.

घोषणा एकदाच भरगच्च करण्यापेक्षा तीन आठवड्यांत तीनदा करा: पहिल्यांदा मुखपृष्ठ आणि मागणीचा मार्ग, दुसऱ्यांदा एक उतारा, तिसऱ्यांदा वाचकांची मतं आणि कार्यक्रमाचं निमंत्रण. टॅग फक्त पुस्तकाशी संबंध असलेल्यांना करा. साठ जणांना टॅग केलं की त्यांच्या भिंतीवर ते जाहिरातीसारखं दिसतं.

## ८. परीक्षणं कुठे आणि कधी येतात

वाचकांना लिहायची इच्छा असते, पण कुठे ते ठाऊक नसतं. हे एकदा स्पष्ट सांगा. गुडरीड्सवर पुस्तकाची नोंद असली की प्रकाशनाआधीही परीक्षण लिहिता येतं. ॲमेझॉनवर पुस्तक विक्रीला खुलं झाल्यावरच लिहिता येतं, आणि लिहिणाऱ्याच्या खात्यावरून आधी काही खरेदी झालेली असावी लागते. म्हणून प्रकाशनाच्या दिवशी सगळ्या वाचकांना एकच मेसेज पाठवा: आता पुस्तक विक्रीला आलं आहे, हा दुवा, लिहायचं असेल तर इथे लिहिता येईल.

प्रत भेट मिळाली आहे हे परीक्षणात नोंदवायला सांगा. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं समाजमाध्यमावर शिफारस करणाऱ्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. फुकट मिळालेली वस्तू हाही उघड करायचा लाभ मानला आहे. 'ही प्रत प्रकाशकाकडून परीक्षणासाठी मिळाली' एवढी एक ओळ, सुरुवातीलाच, पुरते.

प्रतिकूल परीक्षण आलं तर लेखकानं उत्तर देऊ नये, त्याच्या मित्रांनी तर मुळीच नाही. परीक्षणात माहितीची चूक असेल, समजा किंमत किंवा कथांची संख्या चुकली असेल, तर प्रकाशकानं खासगीत एकदा कळवावं. आमच्या संग्रहावर एकानं लिहिलं की सगळ्या कथांतले पुरुष एकाच साच्यातले आहेत. लेखिका दोन दिवस अस्वस्थ होती. पण त्या परीक्षणाखाली सतरा जणांनी आपापली मतं मांडली, त्यांतल्या काहींनी पुस्तक मागवलं, आणि ती चर्चा 'अप्रतिम' म्हणणाऱ्या एकाही नोंदीखाली झाली नव्हती.

## ९. प्रकाशनानंतरचा महिना

वही उघडा आणि हिशेब मांडा. आमच्या अठ्ठावीस वाचकांपैकी अकरा जणांनी कुठे ना कुठे लिहिलं, सहा जणांनी फोनवर किंवा पत्रानं कळवलं, बाकीच्यांकडून काही आलं नाही. तीनातला एक लिहितो असं मी धरून चालते, त्या मानानं हे बरं होतं. सगळ्यात कमी प्रतिसाद कथालेखकांकडून आला, सगळ्यात जास्त ग्रंथालयातल्या वाचकांकडून. पुढच्या पुस्तकाच्या वेळी त्यांच्या प्रती दहाच्या चौदा केल्या.

याच महिन्यात प्रकाशकाचं एक कायदेशीर कामही असतं आणि नवे प्रकाशक ते हमखास विसरतात. १९५४ च्या पुस्तक वितरण कायद्यानुसार प्रकाशनापासून तीस दिवसांत एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि प्रत्येकी एक प्रत मुंबई, चेन्नई आणि दिल्लीतल्या ठरलेल्या ग्रंथालयांना स्वखर्चानं पाठवावी लागते. पाचशेतल्या या चार प्रती आधीच बाजूला काढून ठेवा.

आणि ज्यांनी कच्ची प्रत वाचून चूक कळवली त्यांना अंतिम पुस्तक पाठवा, त्यांनी कुठेही काही लिहिलेलं नसलं तरी. फोन करणाऱ्या त्या बाईंना लेखिका स्वतः पुस्तक द्यायला गेली. पान ७३ मध्ये खुणेची चिठ्ठी घालून.